‘शिवडी’ एवढेच लिहून आलेल्या संदेशाचे काय करावे

प्रश्न : आमच्या संस्थेचा परळला रुग्णसाहाय्य कक्ष आहे. संस्थेच्या मोबाइलवर येणाऱ्या लेखी संदेशांना उत्तरे देण्याचे काम गेल्या महिन्यापासून माझ्याकडे आले आहे. कितीतरी संदेशांत एकच शब्द असतो : ‘टाटा’, ‘वाडिया’, ‘शिवडी’, ‘कर्जत’. पुढेमागे काहीच नाही. ‘काय हवे आहे?’ असे विचारले की अर्धे लोक गप्प होतात आणि सगळी माहिती एकदम पाठवली तर ती वाचली जात नाही. त्या एका शब्दामागे नेमकी कोणती गरज आहे हे कसे ओळखायचे?

उत्तर : असा शब्द आला की त्यात दोन वेगळ्या शंका गुंतलेल्या असतात. नाव कोणत्या ठिकाणाचे आहे ही पहिली आणि त्या ठिकाणी त्या माणसाचे काय काम आहे ही दुसरी. पहिली बहुतेक वेळा आपल्याकडच्या माहितीवरून सुटते, दुसरी मात्र त्या माणसालाच विचारावी लागते. कक्षात नव्याने बसलेली माणसे बहुधा पहिली सुटली की थांबतात, म्हणजे ‘टाटा’ म्हणजे परळचे टाटा रुग्णालय हे ओळखून पत्ता पाठवतात आणि काम झाले असे समजतात. पाठवणारा कदाचित त्याच रुग्णालयाच्या दारात उभा असतो आणि त्याला रात्री झोपायला जागा हवी असते.

पहिल्या शंकेचे आधी सांगतो, कारण ते थोडक्यात आटोपते. आपल्या कामात येणारी काही नावे दोन ठिकाणी लागू पडतात आणि ती पाठ असलेली बरी. केईएम परळला आहे तसे पुण्यात रास्ता पेठेतही आहे, आणि पुणे, सातारा, नगरकडचा माणूस ‘केईएम’ लिहितो तेव्हा त्याच्या मनात पुण्याचे असण्याची शक्यता बरीच असते. कस्तुरबा म्हटले की मुंबईकराला सात रस्त्याजवळचे साथीच्या रोगांचे महापालिकेचे रुग्णालय आठवते, तर वर्धा-यवतमाळच्या माणसाला सेवाग्रामचे. जे.जे. रुग्णालय भायखळ्याला आहे आणि जे.जे. कला महाविद्यालय सीएसएमटीजवळ आहे, त्यामुळे स्थानकावर उतरून कुणाला नुसते ‘जेजे कुठे’ असे विचारणारा नवखा माणूस कधीकधी चित्रकलेच्या विद्यार्थ्यांमध्ये जाऊन पोहोचतो. वाडिया नावाची दोन रुग्णालये परळला आचार्य दोंदे मार्गावर आहेत : १९२६चे नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह आणि १९२९चे बाई जेरबाई वाडिया मुलांचे रुग्णालय. दोन्ही एकाच रस्त्यावर असल्याने पत्ता सांगताना फरक पडत नाही, पण केसपेपर कुठे काढायचा यात पडतो. म्हणून तिथे ‘कोणते वाडिया?’ असे विचारू नका, कारण बाहेरगावच्या माणसाला दोन वाडिया आहेत हेच माहीत नसते. ‘दाखवायचे आहे ते बाईंना की मुलाला?’ असे विचारा. ठिकाणाविषयीची शंका रुग्णाविषयीच्या प्रश्नाने सुटते आणि रुग्णाविषयीचे उत्तर त्या माणसाकडे नेहमीच असते.

‘कर्जत’ची गोष्ट जरा निराळी आहे, म्हणून ती आधी बाजूला काढू. कर्जत रायगड जिल्ह्यात आहे आणि अहिल्यानगर जिल्ह्यातही आहे, इथपर्यंत वरच्याच जातीची अडचण. पण कर्जतला आपल्या कामाचे असे कोणते रुग्णालय आहे म्हणून एखादा माणूस परळच्या कक्षाला ते नाव पाठवील? असे नाव आले की मी सर्वांत आधी आपल्याच बाजूने शेवटचा संदेश कोणता गेला होता ते पाहतो. अनेक संस्थांच्या मोबाइलवर पहिल्या संदेशाला आपोआप जाणारे स्वागताचे उत्तर बसवलेले असते आणि त्यात ‘आपले नाव, गाव व आजार कळवा’ असे वाक्य असते. त्या माणसाने तीनपैकी जे सांगण्यात काहीच अवघड वाटले नाही तेवढे सांगितले, म्हणजे गाव. तो प्रश्न नसून आपल्याच प्रश्नाचे उत्तर असते आणि आपण मात्र त्याला कर्जतला जाणाऱ्या गाड्या कळवत बसतो. गावाचे नाव आले की पुढचे काम एवढेच, की ते कोणते कर्जत हे ठरवायचे. रायगडच्या कर्जतचा माणूस लोकलने दादरला किंवा परळला उतरून संध्याकाळी घरी परतू शकतो, तर अहिल्यानगरच्या कर्जतहून येणाऱ्याला पहिल्याच दिवशी राहण्याची सोय लागते. ‘तालुका कर्जत, जिल्हा कोणता?’ हा प्रश्न कुणालाही सहज कळतो, कारण सरकारी अर्जावर गावाची माणसे नेमके तेच लिहीत आलेली असतात. खेड (रत्नागिरी आणि पुणे), मालेगाव (नाशिक आणि वाशीम) आणि कळंब (धाराशिव आणि यवतमाळ) या नावांनाही हाच प्रश्न लावा.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. तुमच्या चार शब्दांत मला सगळ्यांत जास्त विचार करायला लावणारा शब्द ‘शिवडी’ हा आहे, कारण तो ठिकाणाचे नाव असून मुंबईत कित्येक घरांत आजाराचे नाव उच्चारायला नको म्हणून वापरला जातो. शिवडीला जेरबाई वाडिया मार्गावर महापालिकेचे क्षयरोग रुग्णालय आहे. ‘त्याला शिवडीला नेले’ एवढे म्हटले की चाळीतल्या जुन्या माणसाला पुढचे सांगावे लागत नाही. ठाणे, येरवडा ही नावेही काही घरांत अशीच मनोरुग्णालयासाठी वापरली जातात. अशा नावामागचा माणूस शब्द अपुरा लिहितो तो आळसाने लिहितो असे समजू नका. त्याने जे गाळले आहे ते त्याला लिहायचेच नसते, आणि ‘सविस्तर लिहा’ असे उत्तर गेले की तो संभाषण सोडून देतो.

‘शिवडी’ या शब्दामागे परळच्या कक्षात कोणत्या गरजा येऊ शकतात, हे कागदावर मांडून पाहा. कुणाला क्षयरोग रुग्णालयात प्रथमच दाखवायचे असेल. कुणाचा नातेवाईक तिथे दाखल असेल आणि भेटण्याच्या वेळेबद्दल, डबा आत नेता येईल का याबद्दल विचारायचे असेल. कुणाचे औषध चालू असेल आणि गोळ्या संपल्या असतील किंवा गावी गेल्यामुळे मध्येच थांबल्या असतील. कुणाला पोषण आहारासाठी सरकारकडून खात्यात येणारे पैसे आले नसतील. कुणाच्या हातात नुकताच छातीच्या एक्स-रेचा अहवाल पडला असेल आणि डॉक्टरांनी कागदावर एक नाव लिहून दिले असेल. आणि कुणाला यातले काहीच नको असेल : नवी मुंबईहून हार्बर मार्गाने टाटाला येणाऱ्याला शिवडी हे जवळचे स्थानक पडते, आणि १२ जानेवारी २०२४ला अटल सेतू सुरू झाल्यापासून रायगडच्या बाजूने रुग्णाला गाडीतून आणणारेही शिवडीलाच मुंबईत उतरतात, तेव्हा त्यांना तिथून परळकडे कसे वळायचे एवढेच हवे असते. हिवाळ्यात चुकून आपल्या क्रमांकावर रोहित पक्ष्यांची चौकशी करणारे हौशी लोकही येतात, त्यांना सोडून द्या.

या सहा-सात गरजांमधून निवड करताना शब्दाभोवतीच्या चार गोष्टी पाहता येतात, पण प्रत्येकीचे वजन वेगळे आहे. सर्वांत भरवशाची गोष्ट म्हणजे त्याच क्रमांकावरून आधी आलेले संदेश. चार दिवसांपूर्वी त्या माणसाने ‘एक्स-रे’ असा एक शब्द पाठवला असेल आणि आज ‘शिवडी’ पाठवला असेल, तर दोन शब्द मिळून जवळजवळ एक वाक्य तयार होते. त्यानंतर वेळ. पहाटे साडेपाचला आलेला शब्द बहुधा रस्त्यावरून आलेला असतो, कारण ओपीडीचा केसपेपर सकाळी काढावा लागतो आणि माणूस त्यासाठी निघालेला असतो, तेव्हा त्याला वाट हवी असते. रात्री दहानंतर आलेला शब्द घरातून आलेला असतो, इतरांची निजानीज झाल्यावर लिहिलेला, आणि त्यामागे बहुधा काळजी असते. दुपारी दोन-तीनच्या सुमारास आलेला शब्द कित्येकदा खिडकीवरून परत पाठवलेल्या माणसाचा असतो. हे कल आहेत, नियम नाहीत, म्हणून त्यांच्यावरून आधी काय लिहायचे ते ठरवा, काय गाळायचे ते ठरवू नका.

तिसरी गोष्ट लिपी आणि अक्षरे. ‘शिवरी’ किंवा ‘सेवरी’ असे लिहिणारा माणूस बहुधा हिंदीतून विचार करतो आहे किंवा इंग्रजी पाटी वाचून लिहितो आहे, तेव्हा उत्तर हिंदीत चालेल का हे विचारून घ्यावे. बोलून टंकणाऱ्या फोनवर मोठ्या वाक्याचा पहिला किंवा शेवटचा शब्दच उमटतो असेही होते, त्यामुळे कधीकधी माणसाने खरोखर पूर्ण वाक्य सांगितलेले असते आणि आपल्यापर्यंत एक नाव पोहोचते. अशा वेळी त्याला वाटते की माझे सगळे सांगून झाले आहे. चौथी गोष्ट, मोबाइल क्रमांकाची मालिका पाहून प्रदेश ओळखण्याची जुनी सवय, ती मात्र सोडून द्या. २०१५पासून क्रमांक तसाच ठेवून देशभर कुठेही सेवा घेता येते आणि मुंबईत कामाला आलेली माणसे गावचाच क्रमांक वर्षानुवर्षे वापरतात.

आता उत्तर कसे लिहायचे ते पाहू. ‘काय हवे आहे?’ हा प्रश्न तुम्हाला सोपा वाटतो, कारण तुम्हाला रुग्णालयाच्या कामांची नावे माहीत आहेत. समोरच्याला ती माहीत नसतात. आपल्याला रेफरल हवे आहे की नोंदणी, सवलत हवी आहे की योजना, हे त्याला माहीत असते तर त्याने तोच शब्द लिहिला असता. म्हणून नावे आपण पुरवायची आणि त्याने फक्त बोट ठेवायचे. एका संदेशात जास्तीत जास्त तीन पर्याय असावेत, प्रत्येक पर्याय एखाद्या प्रसंगाच्या रूपात असावा, आणि उत्तर एका अंकाने किंवा एका शब्दाने देता यावे, कारण ज्याने एकच शब्द पाठवला त्याच्याकडून पुन्हा एका शब्दाहून जास्त येण्याची अपेक्षा धरू नये. शेवटी फोनवर बोलण्याची वाट मोकळी ठेवावी.

आणखी एक पथ्य आहे आणि माझ्या मते ते इतर सर्वांपेक्षा महत्त्वाचे आहे. ज्या आजाराचे नाव माणसाने लिहिले नाही ते आपल्या उत्तरात लिहू नये. घरात फोन एकच असतो, संदेश आला की त्याच्या पहिल्या ओळी कुलूपबंद पडद्यावरही दिसतात, आणि सुनेच्या फोनवर आलेले ‘क्षयरोग रुग्णालय’ हे दोन शब्द सासरच्या माणसांनी वाचले तर पुढे काय होते ते आपल्याला नंतर निस्तरता येत नाही. त्याने ‘शिवडी’ लिहिले, तर आपणही ‘शिवडी’च लिहावे. आजाराचे नाव त्याने स्वतः घेतले की मग मोकळेपणाने बोलावे.

एक प्रसंग पूर्ण मांडतो. अनेक प्रसंगांतले तपशील एकत्र करून तो रचलेला आहे, त्यामुळे त्यावरून कुणाची ओळख पटणार नाही. समजा, मंगळवारी रात्री पावणेदहाला ‘शिवडी’ असा शब्द आला. त्याच क्रमांकावरून शुक्रवारी ‘एक्स-रे’ आला होता आणि त्याला मुलुंडजवळच्या महापालिका रुग्णालयाचे नाव कळवलेले होते. वेळ रात्रीची आहे, आधीचा शब्द तपासणीचा आहे, तेव्हा नुकताच अहवाल मिळाल्याची शक्यता सर्वांत वर ठेवू आणि वाट विचारण्याची सर्वांत खाली. तरीही उत्तरात पर्याय असे द्यायचे की अंदाज चुकला तरी माणूस अडकू नये :

‘नमस्कार. शिवडीबद्दल आपला संदेश मिळाला. डॉक्टरांनी कुणाला शिवडीला दाखवायला सांगितले असेल तर १ लिहा. तिथे दाखल असलेल्या किंवा तिथले औषध चालू असलेल्या माणसाबद्दल विचारायचे असेल तर २ लिहा. फक्त जाण्याचा रस्ता हवा असेल तर ३ लिहा. बोलणे सोयीचे असेल तर “फोन” लिहा, सकाळी नऊनंतर आम्ही फोन करू.’

पाहा, इथे पहिल्या पर्यायात ‘आपल्याला’ असे न लिहिता ‘कुणाला’ असे लिहिले आहे. संदेश पाठवणारा आणि रुग्ण एकच असतात असे गृहीत धरू नये, कारण आपल्या कक्षात येणारा संदेश बहुधा मुलाने, सुनेने किंवा शेजाऱ्याने पाठवलेला असतो. दहा मिनिटांनी उत्तर येते : ‘1 आई’. पुन्हा नुसतेच नाम, पण आता शिवडी, एक्स-रे आणि आई या तीन शब्दांनी बरेच चित्र स्पष्ट केले आहे. पुढचा प्रश्न आजाराबद्दल नको, कागदाबद्दल असावा : ‘डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद असेल तर त्याचा फोटो पाठवता येईल का? नाव दिसू नये असे वाटत असेल तर त्यावर बोट ठेवून काढला तरी चालेल.’ फोटो येतो. खासगी दवाखान्याच्या चिठ्ठीवर एक्स-रेमध्ये डाग दिसल्याची नोंद आहे, बेडका तपासून घेण्याचा सल्ला आहे, आणि खाली एका कोपऱ्यात ‘शिवडी’ असे लिहिलेले आहे.

आता गरज कोणती ते नीट पाहा. पाठवणाऱ्याने शिवडी विचारले, पण कागद सांगतो की निदान अजून झालेलेच नाही. बेडक्याची तपासणी सरकारी कार्यक्रमात विनामूल्य होते, ती करायला मुलुंडहून शिवडीला जाण्याची गरज नसते, आणि घराजवळच्या महापालिका आरोग्य केंद्रातून किंवा दवाखान्यातून नमुना पाठवता येतो. दोन नमुने लागतात आणि त्यातला एक सकाळी उठल्याउठल्याचा असतो. निदान झाले आणि नेहमीच्या औषधांना जुमानणारा आजार निघाला, तर साधारण सहा महिन्यांची औषधेही घराजवळच्या केंद्रातूनच विनामूल्य मिळतात आणि त्यासाठी रुग्णाला दाखल व्हावे लागत नाही. शिवडीचे रुग्णालय आहे ते मुख्यतः गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी, औषधांना न जुमानणाऱ्या आजारासाठी आणि दाखल करण्याची वेळ आलेल्यांसाठी. रात्री पावणेदहाला त्या मुलाच्या मनात मात्र आईला तिथे ठेवावे लागणार ही एकच गोष्ट असते. त्याला हवी असलेली माहिती पत्त्याची नसून उद्या सकाळी काय करायचे याची आहे.

म्हणून तिसरा संदेश असा जातो : ‘कागद पाहिला. यावरून आईंना लगेच शिवडीला दाखल करायला सांगितलेले नाही. आधी एक तपासणी सांगितली आहे, ती घराजवळच्या महापालिका आरोग्य केंद्रात होते आणि तिला पैसे लागत नाहीत. उद्या सकाळी हा कागद, एक्स-रे आणि आईंचे आधार कार्ड घेऊन तिथे जा. आईंना धाप लागत असेल, खोकल्यातून रक्त पडत असेल किंवा फार गुंगी असेल तर उद्याची वाट न पाहता आत्ता जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या आणि आम्हाला फोन करा.’ या संदेशातही आजाराचे नाव नाही, तरी काम अडत नाही. निदान आपण करत नाही, कागदावर काय लिहिले आहे एवढेच वाचून दाखवतो, ही मर्यादा प्रत्येक संदेशात पाळलेली असावी.

समजा त्याने १ ऐवजी २ लिहिले असते. मग आत पुन्हा दोन फाटे फुटतात. दाखल असलेल्या माणसाबद्दल असेल तर वॉर्ड क्रमांक विचारायचा आणि भेटीची वेळ त्या दिवशी रुग्णालयातच फोन करून खात्री करून सांगायची, जुन्या वहीतून उतरवून नाही. औषधाबद्दल असेल तर गोळ्या कधी संपल्या हा पहिला प्रश्न, कारण मध्ये पडलेला खंड जितका मोठा तितके डॉक्टरांकडे जाणे निकडीचे. आणि ‘पैसे’ असा शब्द आला तर तो उपचाराच्या खर्चाबद्दल नसून बहुधा निक्षय पोषण योजनेबद्दल असतो. नोव्हेंबर २०२४पासून उपचार चालू असेपर्यंत दरमहा १,००० रुपये या हिशेबाने रक्कम रुग्णाच्या बँक खात्यात जमा होते, पूर्वी हा हिशेब ५०० रुपयांचा होता. पैसे आले नसतील तर बँकेचे खाते आधारशी जोडलेले आहे का आणि क्षयरुग्णांच्या ‘निक्षय’ या सरकारी नोंदणीत रुग्णाची नोंद झाली आहे का हे पाहायचे, आणि त्यासाठी माणसाला जिथून औषध मिळते त्याच केंद्राकडे पाठवायचे.

आपला अंदाज चुकतो आहे हे कसे कळेल, हेही सांगायला हवे. माणूस तोच शब्द पुन्हा पाठवतो, कधी शेवटी प्रश्नचिन्ह लावून, कधी नुसता. याचा अर्थ आपल्या उत्तरात त्याची गरज कुठेच नव्हती, तेव्हा तेच पर्याय पुन्हा पाठवू नका, सरळ फोन करा. दुसरी खूण म्हणजे पर्यायांच्या प्रश्नाला आलेले नुसते ‘हो’. तो नम्रपणा असतो, निवड नसते. त्यावेळी पर्याय दोनच करून आणि अधिक बोलक्या भाषेत पुन्हा विचारावे. तिसरी, एका नावाच्या जागी दुसरे नाव येते : तुम्ही शिवडीबद्दल विचारता आणि उत्तर येते ‘दादर’. टाटाच्या रुग्णाच्या नातेवाइकाकडून ‘दादर’ आले की ते पुष्कळदा गाडगे महाराजांच्या धर्मशाळेसाठी असते, आणि तिथे किंवा दुसऱ्या कोणत्याही धर्मशाळेत जागा मागताना रुग्णालयाचे पत्र आहे का हे आधी विचारून घ्यावे, नाहीतर माणूस सामान घेऊन फेरी मारतो.

गप्प बसलेल्या माणसाचे काय, हा तुमच्या प्रश्नातला खरा सल आहे. उत्तर न येणे म्हणजे नेहमीच अपयश नसते, रस्ता मिळाल्यावर माणूस आभार मानायला थांबत नाही. पण शब्द रात्री आलेला असेल आणि शिवडी, ठाणे यांच्या जातीचा असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी एकदाच, कारण न विचारता, एक ओळ पाठवावी : ‘काल आपला संदेश आला होता. आज काही विचारायचे असल्यास आम्ही पाच वाजेपर्यंत आहोत.’ त्यालाही उत्तर आले नाही तर पुन्हा पाठवू नये. फोन कुणाच्या हातात आहे ते आपल्याला माहीत नसते.

‘टाटा’बद्दल थोडे लिहितो, कारण तो शब्द तुमच्याकडे सर्वांत जास्त येत असणार. तिथे आजाराचे नाव लपवण्याचा प्रश्न कमी असतो आणि रुग्णाचा प्रवास कुठपर्यंत आला आहे हा प्रश्न मोठा असतो. म्हणून माझा एकच प्रश्न ठरलेला असतो : ‘टाटाची फाइल निघाली आहे का?’ फाइल नसेल तर त्याला नोंदणी कशी करायची, कोणते कागद आणायचे, कधी यायचे हे हवे. फाइल असेल तर तो आत आलेला आहे, आणि त्याला राहण्याची जागा, खर्चाची मदत, खारघरच्या केंद्रात बोलावले असल्यास तिथली वाट, किंवा गावी परतताना रेल्वेची सवलत यांपैकी काहीतरी हवे, आणि सवलतीसाठी रुग्णालयाकडूनच प्रमाणपत्र घ्यावे लागते. ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्या एका उत्तराने अर्ध्या गरजा गळून पडतात. ‘योजना’ या शब्दालाही असाच एक प्रश्न पुरतो : ‘रुग्ण आत्ता कोणत्या रुग्णालयात आहे?’ फुले योजनेत समाविष्ट रुग्णालयात तो असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला भेटायला सांगणे हेच पहिले पाऊल असते, नसेल तर रुग्णालय शोधण्यापासून सुरुवात.

वर लिहिलेली सगळी पद्धत काही शब्दांना अजिबात लावू नका. ‘रक्त’, ‘ऑक्सिजन’, ‘विष’, ‘साप’, ‘फिट’ असा शब्द आला की पर्याय, अंक, कागदाचा फोटो यांत एक मिनिटही घालवायचे नाही. लगेच त्या क्रमांकावर फोन लावायचा, उचलला नाही तर पुन्हा लावायचा, आणि त्याच वेळी ‘तातडीचे असेल तर १०८ला फोन करा’ असा संदेश पाठवायचा. ‘रक्त’ म्हणजे पुष्कळदा शस्त्रक्रियेसाठी लागणाऱ्या बाटलीची चौकशी निघते आणि फोनवर ते अर्ध्या मिनिटात कळते.

शेवटची एक कामाची सूचना. कक्षात एक वही ठेवा आणि तीत तारीख, आलेला शब्द, वेळ आणि शेवटी निघालेली गरज एवढेच लिहा, नाव आणि क्रमांक लिहू नका. दोन-तीन महिन्यांनी ‘शिवडी’च्या ओळी एकत्र वाचल्यात तर तुमच्या कक्षाकडे रस्ता विचारणारे जास्त येतात की अहवाल हातात असलेले, हे तुम्हालाच दिसेल, आणि पर्यायांचा क्रम त्याप्रमाणे बदलता येईल. माझ्या क्रमावर जाऊ नका. परळला पूल पाडला गेला, एखादे प्रवेशद्वार बंद झाले किंवा ओपीडीची वेळ बदलली की त्याच शब्दामागची गरज आठवडाभरात बदलते.